ठसका लागत नाही, म्हणून नळी काढायची का?

*‘ताई, माझे वडील 67 वर्षांचे आहेत. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हापासून नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब आहे. वजन 60 किलो, साखर नाही. डाएटिशियनने दिवसाला 1600 कॅलरी लिहून दिल्यात. डब्यातली पावडर कालवून दर दोन तासांनी 200 मिली असं आठ वेळा देतो. आई मात्र आमच्या नकळत त्यांना चहात बुडवलेलं बिस्कीट आणि वरणभाताचे चार-पाच घास भरवते. ती म्हणते, एकदाही ठसका लागला नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस ताप आला होता, डॉक्टरांनी छातीत कफ आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं, आता बरं आहे. भाऊ म्हणतो, नळी आहे तोवर त्यांना भूकच लागणार नाही, काढून टाकू म्हणजे आपोआप खातील. ते स्वतःही नळी ओढतात. डॉक्टर नुसतं “आणखी बघू” म्हणतात. काय बघायचं असतं? नळी काढायची केव्हा?’*

*– एक मुलगी, सातारा जिल्हा*

तुमच्या पत्रात तापाचं वाक्य सहज येऊन गेलंय, पण माझं मन तिथेच अडकलं. तो ताप आणि आईचा चहा यांचा संबंध आहेच असं मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही. तरी गिळण्याच्या त्रासाच्या रुग्णाला छातीत कफ होऊन ताप आला की मी पहिला प्रश्न विचारते, ‘तोंडाने काय दिलं होतं?’ म्हणून आधी एक विनंती. चहा-बिस्कीट आणि वरणभात आजपासून थांबवा. आईला रागावू नका. तिने केलं ते मायेने केलं, आणि ठसका न लागणं म्हणजे सगळं ठीक असा अर्थ कुणीही काढला असता.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी पाण्याचा थेंब गेला तरी जोराचा खोकला येतो. हा खोकला म्हणजे राखणदार. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू कमजोर होतात, तसा कधीकधी हा राखणदारही झोपतो. घशाची ती जागा बधिर होते, चहा फुफ्फुसाच्या वाटेला जातो आणि माणूस शांत बसलेला दिसतो. ठसका लागला तर काहीतरी चुकलं हे नक्की कळतं. नाही लागला तर त्यावरून काहीच कळत नाही. अशा वेळी खूण उशिरा येते. पुढच्या एक-दोन दिवसांत ताप, वाढलेला कफ, झोपेतही भरभर चाललेला श्वास. ते झोपलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 12 ते 20 ठीक. 25 च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. घास चुकीच्या वाटेला गेला तरी त्यावरचा आकडा तसाच राहू शकतो.

आता चहा-बिस्कीट आणि वरणभात. आपल्याकडे आजारी माणसाला पहिलं देतात ते हेच, आणि गिळायला अवघड पदार्थांतही हेच येतात. चहा पातळ असतो, तोंडात टेकतो न टेकतो तोच घशात उतरतो, आणि मंदावलेल्या घशाला दार लावायला वेळच मिळत नाही. वरणभातात दोन गोष्टी एकत्र असतात. तोंड भाताचं शीत सांभाळत असतं, तेवढ्यात वरणाचं पाणी पुढे निघून जातं. भिजलेल्या बिस्किटाचंही तसंच. पेजेतली शितं, पातळ भाजीतल्या फोडी, रसातली शेव हे सगळं त्याच जातीतलं. सुरुवात एकजीव आणि घट्ट पदार्थाने करायची. ऑस्ट्रियात तयार झालेली, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली गस् नावाची गिळण्याची चाचणी आहे, तिचा क्रमही हाच: आधी लाळ, मग घट्टसर पदार्थ, त्यानंतर पाणी आणि शेवटी चावायचं अन्न. आपण घरी पाण्यापासून सुरुवात करतो, म्हणजे अवघड पेपर पहिला देतो.

आता डॉक्टरांचं ‘बघू’. खरं तर त्यांनी हे तुम्हाला सविस्तर सांगायला हवं होतं. तोंडाने काहीही देण्याआधी पाहायच्या गोष्टी तुम्ही पलंगाशेजारी बसून पाहू शकता. वडील किमान पंधरा मिनिटं नीट जागे, लक्ष देऊन राहतात का? टेकू देऊन ताठ बसतात का, आणि मान सावरते का? स्वतःची लाळ गिळतात, की ती उजव्या कोपऱ्यातून गळत राहते? सांगितल्यावर किंवा करून दाखवल्यावर दोनदा जोरात खोकतात का? ‘आ’ म्हणायला लावलं की आवाज कोरडा येतो, की गुळण्या करताना येतो तसा ओला, घरघरता? यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी घास नाही. आणि छाती स्वच्छ हवी. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, ताप नाही, श्वास शांत आहे आणि डॉक्टरांनी छाती तपासली आहे, एवढं झाल्याशिवाय सुरुवात करू नका.

हे जमलं म्हणजे गिळणं सुरक्षित झालं असं नाही, तपासणीची वेळ आली एवढंच. ही तपासणी गिळण्याचं काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी आणखी एक आग्रह धरीन. ठसका नाही आणि ताप मात्र येऊन गेला, म्हणून आतून पाहणारी तपासणी करता आली तर करा. एकीत नाकातून बारीक कॅमेरा घालून घास गिळताना घसा पाहतात, तिला फीज म्हणतात. दुसरीत बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेखाली चलचित्र घेतात. या सोयी बहुधा मोठ्या शहरात मिळतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एकदा पुण्यापर्यंतची खेप करावी लागेल. पलंगाशेजारच्या तपासणीत गुपचूप आत जाणारा थेंब दिसत नाही. तुम्हाला नेमका तोच शोधायचा आहे.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दर दोन तासांनी 200 मिली पोटात पडत असताना कुणाला भूक लागेल? पण त्यासाठी नळी काढायची गरज नाही, वेळापत्रक बदललं तरी पुरतं. आठ फीडची पाच-सहा करून ती चहा-नाश्ता-जेवणाच्या वेळांना आणायची, तोंडाने भरवण्याआधी दोन तास फीड द्यायचं नाही, आणि उरलेला भाग संध्याकाळी उशिरा, उशाकडची बाजू उंच ठेवून द्यायचा. एकेका वेळचं प्रमाण वाढल्यावर पोट फुगतंय का, उलटी होतेय का, हे पाहत हळूहळू करायचं आणि डाएटिशियनला विचारूनच. (ज्या वाचकांच्या घरी रुग्णाला इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या आहेत त्यांनी हे डॉक्टरांना न विचारता मुळीच करू नये. फीड कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर साखर एकदम खाली जाते.)

उरलेलं अर्धं मात्र मला पटत नाही. नळी आणि जेवण यांत एक निवडायचं नसतं. बारीक नळी नाकात असतानाही गिळण्याचा सराव करता येतो आणि तसाच करायचा असतो. नळी आहे म्हणून पोट भरण्याची घाई नसते. दुपारी चारच चमचे गेले तरी वडील उपाशी राहत नाहीत. नळी आधी काढली की तेच चार चमचे संकट होतात. मग घरातले जबरदस्ती करतात, दमलेल्या तोंडात पाचवा, सहावा घास कोंबतात, आणि तोच चुकीच्या वाटेला जातो. हे मी घरी सोसलंय. माझ्या सख्ख्या काकांना घरी सोडताना कार्डावर ‘तोंडाने मऊ आहार’ एवढंच लिहिलं होतं आणि नळी काढून टाकली होती. किती, केव्हा, किती घट्ट, कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा या कामात नवी होते. पाचव्या दिवशी काका न्यूमोनियाने परत दाखल झाले. म्हणून मी आता प्रत्येक कुटुंबाला शंभर पानी वही घ्यायला लावते.

तपासणीत घट्ट पदार्थाला परवानगी मिळाली, असं धरून पुढचं सांगते. मूगडाळीची खिचडी घेऊ. 20 ग्रॅम तांदूळ, 15 ग्रॅम मूगडाळ, 5 ग्रॅम तूप. आसट शिजवायची, मिक्सरमधून काढायची आणि गाळणीतून दाबून घ्यायची. मोहरी-जिऱ्याचा दाणा राहता कामा नये. साधारण 150 ग्रॅम होते आणि तिच्यात 165 च्या आसपास कॅलरी येतात. घट्टपणा अंदाजाने ठरवू नका. काट्याच्या चमच्यावर थोडी घ्या. ढीग तसाच बसला पाहिजे, फटींमधून धार लागली तर पातळ आहे. मग साध्या चमच्यात घेऊन चमचा तिरका करा. गोळा एकदम पडला आणि चमच्याला नुसता पातळ थर राहिला, म्हणजे बरोबर. चिकटून बसला तर तो घशातही चिकटेल. थोडं कोमट दूध किंवा डाळीचं पाणी घालून पुन्हा फिरवा. गार झाली की खिचडी आणखी घट्ट होते, म्हणून ही परीक्षा भरवण्याच्या वेळी घ्यायची.

भरवण्याआधी तोंड स्वच्छ करा: दात, जीभ, टाळू. नळीवरच्या माणसाचं तोंड वापरात नसतं आणि तिथे जंतू साचतात. लाळेबरोबर तेच छातीत उतरतात. वडिलांना खुर्चीत ताठ बसवा, पाय टेकलेले असू द्या. तुम्ही समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, कारण उभं राहून भरवलं की मान वर होते आणि श्वासाची वाट उघडी पडते. टीव्ही बंद. लहान चमचा, अर्धा भरलेला. घास दिला की गळ्याच्या पुढच्या घाटीकडे पाहा. ती वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं. मग त्यांना ‘आ’ म्हणायला सांगा, आवाज ऐका आणि तोंडात पाहा. त्यांची उजवी बाजू कमजोर आहे, तेव्हा घास उजव्या गालात साठेल आणि त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. तो निघाल्याशिवाय पुढचा चमचा नाही. हनुवटी छातीकडे घेऊन गिळण्याची युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, थेरपिस्टने सांगितली तरच करा. तीस मिनिटांच्या वर भरवू नका. आवाज ओला आला, खोकला आला, श्वास भरभर झाला किंवा ते पेंगुळले, तर तिथेच थांबा. नंतर तोंड पुन्हा पुसा आणि अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा.

आता वही. बहुतेक घरांत वहीत ‘दुपारी एक वाटी खिचडी’ असं लिहिलेलं असतं. ती वाढलेली वाटी असते, खाल्लेली नसते. मी वाटी तोलायला लावते, स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. समजा वाटीत 150 ग्रॅम होती. भरवून झाल्यावर वाटीत 40 ग्रॅम उरली, आणि हनुवटीवर, लाळेऱ्यावर आणि गालातून काढलेली मिळून 10 ग्रॅम धरली. पोटात गेली 100 ग्रॅम, म्हणजे 110 कॅलरी. तुमच्या फीडमध्ये मिलीला एक कॅलरी आहे, त्यामुळे हिशेब सोपा होतो: समजा त्या वेळचं फीड 200 होतं, त्यातून 110 वजा, नळीतून 90 मिली द्यायचं. (घरी दूध-डाळ कालवून केलेलं फीड असेल तर हा हिशेब लागू नाही, ते बहुधा बरंच पातळ असतं, त्याच्या कॅलरी डाएटिशियनकडून काढून घ्या.) याच ओळीत किती मिनिटं लागली, ठसका लागला का, आवाज कसा होता, हेही लिहा. पानाच्या तळाशी दिवसातला सगळ्यात जास्त ताप आणि दिवसाची बेरीज.

पहिला आठवडाभर एकच वेळ, सकाळी किंवा दुपारी, ते सगळ्यात ताजेतवाने असतात तेव्हा. आठवडा संपला आणि त्यातले शेवटचे तीन दिवस कुठलीही खूण नाही आली, तर दुसरी वेळ जोडा. प्रमाण आणि पदार्थाचा घट्टपणा एकाच दिवशी बदलू नका. नाहीतर बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

नळी केव्हा निघते, हे एका आजोबांच्या वहीवरून सांगते. त्यांचीही गरज 1600 कॅलरींची होती. नळीचं फीड बंद करायचं ते गरजेच्या तीन-चतुर्थांश तोंडाने जायला लागलं की, आणि तेही लागोपाठ तीन दिवस. म्हणजे रोज 1200. त्यांचे आकडे होते: सोमवारी 1150, मंगळवारी 1290, बुधवारी 980. घरच्यांनी मंगळवारीच फोन केला होता, ‘आता काढायची ना?’ बुधवारी आदल्या रात्री झोप झाली नव्हती, आजोबा जेवताना पेंगत होते, आणि आकडा घसरला. एका चांगल्या दिवसावर नळी का काढत नाहीत, ते इथे दिसतं. पुढे गुरुवारी 1230, शुक्रवारी 1260, शनिवारी 1310. तीन दिवस झाले, फीड थांबवलं.

नळी मात्र काढली नाही. अडलं होतं पाण्याशी. त्यांना दिवसाला 1800 मिली द्रव लागत होता, आणि तोंडाने घट्ट केलेलं पाणी, दही, खिचडीतलं पाणी सगळं धरूनही बेरीज 1100 च्या वर जाईना. घट्ट केलेलं पाणी कुणाला आवडत नाही, माणसं तहान मारून बसतात. मग लघवी कमी आणि गडद होते, जीभ कोरडी पडते, माणूस सुस्तावतो, आणि सुस्त माणूस गिळतोही वाईट. म्हणून आठ दिवस नळीतून फक्त पाणी आणि औषधं दिली. घरोघरी मी हेच पाहते, नळीचं शेवटचं काम पाण्याचं असतं आणि वहीत पाण्याचा रकाना तेवढाच नसतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून आखा.

औषधांचंही तसंच. रक्त पातळ करणारी आणि बीपीची गोळी कुटून नळीतून जात असेल, तर नळी निघाल्यावर ती कशी जाणार हे आधी ठरलेलं हवं. पाण्याबरोबर गोळी म्हणजे पुन्हा पातळ आणि घट्ट एकत्र. दह्याच्या किंवा सफरचंदाच्या घट्ट गरातून देता येते. पण हळूहळू विरघळणाऱ्या, पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. प्रत्येक गोळीचं नाव लिहून डॉक्टरांना विचारा. नळी निघाली तरी महिनाभर दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करा. लागोपाठ दोन वेळा कमी भरलं तर थांबू नका, दाखवा.

वडील नळी ओढतात त्याचं एक कारण नाकपुडीला टोचणारी चिकटपट्टी असू शकतं. ती बदलून लावायला नर्सला सांगा. नळी ओढून निघालीच तर घरी परत घालू नका. आणि सहा आठवडे झालेत, तेव्हा डॉक्टर पोटातून घालायच्या पेग नळीचा विषय काढतील. घाबरू नका. नळी चार-एक आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असं दिसलं की तो विचार करतात. नाक मोकळं होतं, सराव तसाच चालू राहतो आणि गरज संपली की तीही काढतात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी मागा: छाती तपासून ‘आता सुरुवात करायला हरकत नाही’ असं लेखी, गिळण्याच्या तपासणीची चिठ्ठी, आणि डाएटिशियनकडून जेवणाच्या वेळांप्रमाणे बदललेलं फीडचं वेळापत्रक. आईने चहा दिल्याचं तिथे लपवू नका. केव्हा दिला आणि ताप कधी आला, तारखा लिहून न्या. परवानगी मिळेपर्यंत आईच्या हाती तोंड स्वच्छ करण्याचं काम द्या, दिवसातून तीनदा. मिळाली की पहिला चमचा तिनेच भरवावा, वजनकाटा आणि वही तुम्ही सांभाळा.